तीनच्या आत अडणारी वाढ

एक रुपया वर्षाला शंभर टक्के व्याजाने दिला तर वर्षाअखेर त्याचे दोन रुपये होतात. तेच व्याज निम्मे निम्मे करून दर सहा महिन्यांनी मुद्दलात मिळवले, तर पहिल्या सहामाहीनंतर दीड रुपया होतो आणि दुसऱ्या सहामाहीत त्या दीड रुपयावर पाऊण रुपया व्याज चढून सव्वादोन रुपये हातात येतात. दर तीन महिन्यांनी व्याज मिळवले तर २.४४ रुपये, दर महिन्याला मिळवले तर २.६१ रुपये, रोजच्या रोज मिळवले तर २.७१ रुपये. टप्पे वाढवले की रक्कम वाढते, हे उघड दिसते. मग टप्पे असेच वाढवत नेले, तासाला, मिनिटाला, क्षणाक्षणाला व्याज मुद्दलात मिळत राहिले, तर वर्षाअखेर त्या एका रुपयाचे काय होईल? वाढ कुठे अडेल का, की टप्पे वाढवून हवी तेवढी रक्कम मिळवता येईल?

स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात गणिताचे प्राध्यापक असलेल्या याकोब बर्नुली यांनी हा सावकारीचा प्रश्न गांभीर्याने घेतला. १६९० साली लाइपझिगच्या ‘अ‍ॅक्टा एरुडिटोरम’ या विद्वानांच्या नियतकालिकात त्यांनी त्याचे उत्तर छापले. क्षणोक्षणी व्याज मिळवले तरी शंभर टक्के दराने सावकाराला वर्षाअखेर मुद्दलाच्या अडीच पटीपेक्षा जास्त, पण तिपटीपेक्षा कमी रक्कम मिळेल, असे ते उत्तर होते. म्हणजे वाढ अडते, आणि ती तीनच्या आत अडते.

वर्षाचे n टप्पे केले तर प्रत्येक टप्प्यात रक्कम 1 + 1/n पट होते. असे n वेळा घडते, म्हणून वर्षाअखेरची रक्कम (1 + 1/n)ⁿ इतकी असते. या लेखाचा सगळा विषय या एका राशीत सामावलेला आहे. n ला १, २, ३, ४ अशा किमती देत गेलो की संख्यांची एक रांग मिळते. गणितात अशा रांगेला क्रमिका म्हणतात. या क्रमिकेची पहिली पदे २, २.२५, २.३७०३७, २.४४१४० अशी आहेत. हजारावे पद २.७१६९२ आहे आणि दहा लाखावे २.७१८२८ आहे.

या राशीकडे नुसते पाहून अंदाज बांधायला गेले की दोन मते सुचतात आणि दोन्ही पटण्यासारखी वाटतात. पहिले असे: n मोठा होत गेला की 1 + 1/n ही संख्या एकच्या हवी तितकी जवळ जाते. एकचा कितवाही घात केला तरी एकच येतो, तेव्हा उत्तर १ असले पाहिजे. दुसरे असे: 1 + 1/n कधीच एक होत नाही, ती नेहमी एकपेक्षा मोठीच असते. एकपेक्षा मोठ्या संख्येचे घात वाढवत नेले की ते सगळ्या मर्यादा ओलांडतात, तेव्हा उत्तर अनंत असले पाहिजे. पहिल्या मताने पाया बदलू दिला पण घात बदलतो आहे हे विसरले. दुसऱ्याने घात वाढू दिला पण पाया दरम्यान लहान होतो आहे हे विसरले. इथे दोन्ही एकाच वेळी बदलतात आणि निकाल लागतो तो त्यांच्यातल्या शर्यतीवर. पाया थोडा लवकर एककडे धावला, म्हणजे (1 + 1/n²)ⁿ घेतले, तर उत्तर खरोखर १ येते. पाया थोडा रेंगाळला, म्हणजे (1 + 1/√n)ⁿ घेतले, तर राशी खरोखर अनंताकडे जाते. आपली राशी या दोघींच्या मधोमध आहे, म्हणून तिच्याबद्दल काहीही गृहीत धरून चालत नाही. सिद्धताच हवी.

वरच्या किमती पाहून कोणी म्हणेल, की २.७१८ च्या आसपास आकडे थांबलेले दिसतातच, मग सिद्धता कशाला? याचे उत्तर दुसऱ्या एका क्रमिकेत आहे. 1 + 1/2 + 1/3 अशी बेरीज करत गेलो तर पहिल्या दहा लाख पदांची बेरीज जेमतेम १४.३९ भरते. यापुढे ती इतकी हळू वाढते, की कोणीही ती थांबली असेच म्हणेल. पण ती थांबत नाही. पुरेशी पदे घेतली तर ती शंभर ओलांडते, हजार ओलांडते, कुठलीही मर्यादा ओलांडते. हळू वाढणे आणि अडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आकड्यांच्या कोष्टकात त्यांच्यातला फरक दिसत नाही.

सिद्धतेचे दोन भाग पडतात. टप्पे वाढवले की रक्कम खरोखर वाढतेच, हे आधी दाखवायचे. मग ती एका ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही, हे दाखवायचे. या दोन्ही भागांना मी शाळेतल्या एकाच जुन्या गोष्टीचा आधार घेणार आहे. पाठ्यपुस्तकांत सहसा दुसरी वाट घेतलेली असते, पण मला ही वाट अधिक देखणी वाटते, कारण एकच युक्ती दोनदा वापरून दोन्ही बाजू बंद होतात.

ती गोष्ट अशी. काही धन संख्या घ्या. त्यांची बेरीज कायम ठेवून त्या जितक्या एकमेकींच्या जवळ आणाल तितका त्यांचा गुणाकार वाढतो, आणि सगळ्या समान झाल्या की तो सर्वांत मोठा होतो. २ आणि ८ यांचा गुणाकार १६ आहे, ४ आणि ६ यांचा २४, तर ५ आणि ५ यांचा २५. दोनपेक्षा जास्त संख्या असल्या तरी हेच खरे आहे, आणि ते पटवून घेणे अवघड नाही. संख्या समान नसतील तर त्यांतली एक सरासरीपेक्षा लहान आणि एक सरासरीपेक्षा मोठी असणारच. लहान संख्या x, मोठी y आणि सरासरी A आहे असे समजू. y मधून थोडे काढून x मध्ये असे घाला, की x च्या जागी बरोबर A येईल. y च्या जागी x + y − A उरते. बेरीज बदलली नाही, पण गुणाकार (A − x)(y − A) इतका वाढला, आणि ही राशी धन आहे. असे करत गेले की प्रत्येक खेपेला निदान एक संख्या सरासरीइतकी होते, म्हणून ठरावीक पायऱ्यांत सगळ्या समान होतात, आणि वाटेत गुणाकार प्रत्येक वेळी वाढलेलाच असतो. म्हणजे समान नसलेल्या धन संख्यांचा गुणाकार, त्या प्रत्येकीच्या जागी सरासरी ठेवून केलेल्या गुणाकारापेक्षा नेहमी लहान असतो. यालाच अंकगणिती मध्य आणि भूमितीय मध्य यांची असमानता म्हणतात.

आता ती व्याजाला लावू. सहामाही व्याजाचे उदाहरण घ्या. दीड गुणिले दीड म्हणजे २.२५. या गुणाकारात एक हा आकडा आणखी मिसळा. १.५, १.५ आणि १ या तीन संख्यांचा गुणाकार २.२५ च राहतो, कारण एकने गुणून काही बदलत नाही. पण आता संख्या तीन झाल्या. त्यांची बेरीज ४, सरासरी ४/३. संख्या समान नव्हत्या, म्हणून त्यांचा गुणाकार ४/३ च्या घनापेक्षा लहान असला पाहिजे. आणि ४/३ म्हणजेच 1 + 1/3. त्याचा घन म्हणजे वर्षाचे तीन टप्पे केल्यावर मिळणारी रक्कम, ६४/२७, म्हणजे २.३७. दोन टप्प्यांपेक्षा तीन टप्प्यांत जास्त रक्कम मिळते, हे कोणतेही घात न मोजता आपोआप निघाले.

हीच कृती कुठल्याही n साठी चालते. 1 + 1/n ही संख्या n वेळा घ्या आणि जोडीला १ ठेवा. एकूण n + 1 संख्या झाल्या. n वेळा 1 + 1/n म्हणजे n + 1, त्यात १ मिळवला की बेरीज n + 2. सरासरी (n + 2)/(n + 1), म्हणजे 1 + 1/(n + 1). म्हणून

(1 + 1/n)ⁿ < (1 + 1/(n+1))ⁿ⁺¹

आणि क्रमिका दर पायरीला वाढते. १ मिसळण्याच्या त्या एका साध्या कृतीत सिद्धतेचा अर्धा भाग पुरा झाला.

आता वरची मर्यादा. त्यासाठी सावकाराला एक टप्पा फुकट देऊ. वर्षाचे n टप्पे करायचे, पण व्याज n + 1 वेळा मिळवायचे. म्हणजे (1 + 1/n)ⁿ⁺¹ ही दुसरी क्रमिका झाली. पहिलीला aₙ आणि हिला bₙ म्हणू. उघडच bₙ नेहमी aₙ पेक्षा मोठी आहे. b₁ = ४, b₂ = ३.३७५, b₃ = ३.१६, b₄ = ३.०५, b₅ = २.९८५९८४. ही क्रमिका उतरताना दिसते. ती कायम उतरते का?

तिचा व्यस्त घ्या. (n + 1)/n उलटे केले की n/(n + 1) मिळते, म्हणून bₙ चा व्यस्त म्हणजे n/(n + 1) चा n + 1 वा घात. मघाचीच युक्ती पुन्हा वापरू. n/(n + 1) ही संख्या n + 1 वेळा घ्या आणि जोडीला १ ठेवा. एकूण n + 2 संख्या, बेरीज n + 1, सरासरी (n + 1)/(n + 2). गुणाकार सरासरीच्या n + 2 व्या घातापेक्षा लहान, आणि तो घात म्हणजे बरोबर bₙ₊₁ चा व्यस्त. व्यस्त वाढत जातो, तेव्हा मूळ संख्या कमी होत जाते. पडताळून पाहायचे तर n = 1 घ्या: १/२, १/२ आणि १. गुणाकार १/४, सरासरी २/३, तिचा घन ८/२७. एक चतुर्थांश हा ८/२७ पेक्षा लहान आहे, म्हणून ४ हा २७/८ पेक्षा, म्हणजे ३.३७५ पेक्षा, मोठा आहे.

खालून चढणारी aₙ आणि वरून उतरणारी bₙ अशा दोन क्रमिका आता समोरासमोर आहेत. पहिलीतले कुठलेही पद दुसरीतल्या कुठल्याही पदापेक्षा लहानच असते. दोन्ही पदांना एकाच, पुरेशा पुढच्या, n पर्यंत नेले की aₙ चढलेली असते, bₙ उतरलेली असते आणि तरीही aₙ ही bₙ पेक्षा लहानच राहते. म्हणून aₙ चे एकही पद २.९८५९८४ ओलांडू शकत नाही, मग टप्पे कोटी करा नाहीतर परार्ध. बर्नुलींचा ‘तिपटीपेक्षा कमी’ हा निकाल इथे आपल्या हाती आला. शिवाय दोन्ही क्रमिकांमधले अंतर bₙ − aₙ म्हणजे aₙ चा n वा भाग, म्हणजे 3/n पेक्षा कमी. n वाढला की हे अंतर शून्याकडे जाते. म्हणजे दोन्हींच्या मध्ये दोन वेगळ्या संख्या मावणार नाहीत. मावलीच तर एकच.

या ‘मावलीच तर’ मध्ये एक खरी अडचण आहे, आणि ती रिचर्ड डेडेकिंट यांना नेमकी खुपली. १८५८ साली ते झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये कलनशास्त्राचे प्राथमिक धडे देत होते. सतत वाढणारी पण एका मर्यादेपलीकडे न जाणारी राशी कुठल्यातरी निश्चित किमतीकडे गेलीच पाहिजे, हे विद्यार्थ्यांना शिकवताना त्यांना रेषेच्या चित्राचा आधार घ्यावा लागत होता. शिकवण्यापुरते चित्र पुरेसे आहे, पण ती सिद्धता नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. संख्या म्हणजे काय हेच जर नीट सांगितलेले नसेल, तर त्या दोन क्रमिकांच्या मध्ये संख्या आहे हे कशावरून? त्या वर्षी २४ नोव्हेंबरला त्यांना उत्तर सापडले आणि १८७२ साली त्यांनी ते पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. सर्व अपूर्णांकांचे दोन गट करा, एका गटातला प्रत्येक अपूर्णांक दुसऱ्यातल्या प्रत्येकापेक्षा लहान असेल असे. असा जो जो छेद पडतो तो एक संख्या ठरवतो, मग तिथे अपूर्णांक असो वा नसो. या व्याख्येवरून, वाढती आणि मर्यादेत राहणारी क्रमिका एका संख्येकडे जातेच, हे विधान सिद्ध होते. आपल्या बाबतीत छेद असा पडतो: कुठल्या ना कुठल्या aₙ च्या खाली असलेले सगळे अपूर्णांक एका बाजूला, उरलेले दुसऱ्या बाजूला. या छेदावर बसणारी संख्या म्हणजे आपल्या क्रमिकेची सीमा. बाझलमध्येच जन्मलेल्या लेओनार्ड ऑयलर यांनी १७३१ साली गोल्डबाख यांना लिहिलेल्या पत्रात या संख्येसाठी e हे अक्षर वापरले, आणि तेच जगभर रूढ झाले.

सीमा आहे हे कळले. पण ती कोणती, हे अजून कळलेले नाही. २.९८५९८४ पेक्षा लहान एवढेच आपल्याला माहीत आहे. नेमकी किंमत काढण्यासाठी द्विपद प्रमेयाने कंस उलगडायचा. चार टप्प्यांचे उदाहरण घेऊ. (1 + 1/4)⁴ उलगडले की 1 + 1 + 6/16 + 4/64 + 1/256 मिळते, म्हणजे १ + १ + ०.३७५ + ०.०६२५ + ०.००३९. बेरीज २.४४१४. यातला पहिला १ म्हणजे मुद्दल, दुसरा १ म्हणजे मुद्दलावरचे वर्षभराचे व्याज, ०.३७५ म्हणजे त्या व्याजावरचे व्याज आणि पुढची पदे म्हणजे त्याच्याही वरचे व्याज. टप्पे वाढवले की पहिली दोन पदे तशीच राहतात. तिसरे पद हजार टप्प्यांना ०.४९९५ होते, चौथे ०.१६६१७. ती अनुक्रमे १/२ आणि १/६ यांच्याकडे सरकताना दिसतात. सर्वसाधारणपणे, मुद्दल सोडून k व्या पदाचे रूप असे असते:

(1/k!) × (1 − 1/n)(1 − 2/n) … (1 − (k−1)/n)

इथे k! म्हणजे १ पासून k पर्यंतच्या संख्यांचा गुणाकार, त्याला क्रमगुणित म्हणतात. n मोठा झाला की प्रत्येक कंस एककडे जातो आणि पद 1/k! कडे जाते. तेव्हा सीमा

1 + 1 + 1/2 + 1/6 + 1/24 + 1/120 + …

ही असणार, असे वाटते. उत्तर बरोबर आहे, पण हा युक्तिवाद अपुरा आहे, आणि पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत तो असाच अर्धवट सोडलेला असतो. प्रत्येक पद आपापल्या किमतीकडे गेले म्हणून बेरीजही जाईलच असे नाही, कारण n वाढताना पदांची संख्याही वाढते आहे. 1/n ही संख्या n वेळा मिळवा. प्रत्येक पद शून्याकडे जाते, पण बेरीज कायम १ राहते.

म्हणून दोन बाजूंनी जावे लागते. श्रेणीच्या 1/m! पर्यंतच्या बेरजेला sₘ म्हणू. aₙ मधले प्रत्येक पद 1/k! पेक्षा मोठे नसते, कारण कंसातल्या सगळ्या संख्या एकपेक्षा मोठ्या नाहीत. म्हणून aₙ ही sₙ पेक्षा मोठी असू शकत नाही. ही एक बाजू झाली. दुसरीसाठी m ठरवून घ्या, समजा १०, आणि तो हलू देऊ नका. n दहापेक्षा मोठा असेल तर aₙ मधली दहाव्या पदापर्यंतची पदे ठेवून बाकीची टाकून दिली तर राशी लहान होते. उरलेल्या पदांची संख्या आता ठरलेली आहे, ती n बरोबर वाढत नाही, म्हणून इथे n हवा तितका वाढवून प्रत्येक पदाच्या जागी त्याची सीमा ठेवायला हरकत नाही. निष्कर्ष असा, की e ही s₁₀ पेक्षा लहान असू शकत नाही. दहाच्या जागी कुठलीही संख्या चालते, म्हणून e ही कुठल्याच sₘ पेक्षा लहान नाही. aₙ ≤ sₙ ≤ e अशी साखळी तयार झाली. aₙ चढत e ला भिडते, तेव्हा मध्ये सापडलेल्या sₙ लाही तिथेच जावे लागते. आता म्हणता येते, की e म्हणजे क्रमगुणितांच्या व्यस्तांची बेरीज.

या बेरजेचा वेग अफाट आहे. 1/10! पर्यंत मिळवले की २.७१८२८१८०१ येते. खरी किंमत २.७१८२८१८२८ आहे. चूक आठव्या दशांश स्थळी पडली. दहाच्या आत संपणाऱ्या भागाकारांनी हे साधते, कारण प्रत्येक पद आधीच्या पदाला २, ३, ४ असे भागून मिळते. उलट (1 + 1/n)ⁿ मधली कमतरता मोठ्या n साठी जवळपास e/(2n) इतकी असते. म्हणजे तेवढीच अचूकता हवी तर n सुमारे पाच कोटी घ्यावा लागेल. ऑयलर यांनी १७४८ च्या आपल्या ग्रंथात e चे २३ दशांश दिले, ते अशाच श्रेणीच्या बळावर. व्याजाच्या राशीतून ते आयुष्यभर निघाले नसते.

व्याजाच्या राशीचा एक धोका संगणकावर दिसतो. पायथनमध्ये हे दोन ओळींचे काम आहे:

```
n = 10**15
print((1 + 1/n)**n)
```

उत्तर येते 3.035035206549262. टप्पे आणखी दहापट केले, म्हणजे 10¹⁶ घेतले, तर उत्तर येते १. एकही पद २.९८५९८४ ओलांडू शकत नाही हे आपण सिद्ध केले आहे, तेव्हा पहिले उत्तर पाहताक्षणी चुकीचे ठरते. क्रमिका चढतीच आहे हेही सिद्ध केले आहे, म्हणून दुसरेही चुकीचे. दोष गणिताचा नाही. संगणक दशांश संख्या मर्यादित स्थळांत साठवतो. एकच्या लगेच पुढे त्याला साठवता येणारी संख्या सुमारे ०.००००००००००००००००२२ इतक्या नव्हे, तर त्याच्या दहापट, म्हणजे 2.2 × 10⁻¹⁶ इतक्या अंतरावर असते. 10⁻¹⁵ मिळवायला सांगितले की तो या अंतराच्या पाचपट, म्हणजे 1.11 × 10⁻¹⁵ मिळवतो. अकरा टक्क्यांची ही चूक घाताने फुगून उत्तर तीनच्या वर जाते. 10⁻¹⁶ तर त्याला दिसतच नाही, आणि मग तो एकचा घात करत बसतो.

शंभर टक्के व्याज कोणी देत नाही, म्हणून दर r असेल तर काय, हेही पाहायला हवे. (1 + r/n)ⁿ मध्ये n च्या जागी r ची पटी मोजली की हीच क्रमिका पुन्हा भेटते आणि सीमा e चा r वा घात येते. आपल्याकडच्या बँकांत मुदत ठेवीवर व्याज साधारणपणे तिमाही चक्रवाढीने मोजतात. एक लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ७,१८६ रुपये व्याज होते. तेच क्षणोक्षणी मिळवले असते तर ७,२५१ रुपये झाले असते. तिमाहीपासून अनंतापर्यंतच्या साऱ्या प्रवासाची मिळकत पासष्ट रुपये.

आता डेडेकिंट यांच्या अडचणीकडे. aₙ चे प्रत्येक पद अपूर्णांक आहे, bₙ चेही आहे. मग सीमाही एखादा अपूर्णांकच असेल, आणि नवीन प्रकारच्या संख्यांची गरजच पडणार नाही, असे होऊ शकले असते. तसे होत नाही. e अपरिमेय आहे हे ऑयलर यांनी १७३७ मध्ये दाखवले, पण फूरिये यांच्या नावाने ओळखली जाणारी सिद्धता जास्त सोपी आहे आणि ती आपण काढलेल्या श्रेणीतूनच निघते. समजा e हा p/q असा अपूर्णांक आहे. श्रेणीचे 1/q! पर्यंतचे तुकडे एका बाजूला काढा आणि e मधून वजा करा. उरते ते शेपूट. सगळ्याला q! ने गुणा. q! × p/q ही पूर्ण संख्या आहे, आणि 1/q! पर्यंतचे प्रत्येक पद q! ने गुणले की पूर्ण संख्याच होते, म्हणून गुणलेले शेपूटही पूर्ण संख्या असले पाहिजे. पण ते शेपूट असे आहे:

1/(q+1) + 1/((q+1)(q+2)) + …

प्रत्येक पदाच्या छेदातल्या सगळ्या संख्यांच्या जागी q + 1 ठेवली तर बेरीज वाढते, आणि ती एक साधी भूमितीय श्रेणी होते जिची बेरीज 1/q आहे. म्हणजे शेपूट शून्यापेक्षा मोठे आणि 1/q पेक्षा लहान, तेव्हा एकपेक्षाही लहान. शून्य आणि एक यांच्या मध्ये पूर्ण संख्या नाही. e ला कुठलाही अपूर्णांक मानला तरी हीच विसंगती येते.

केवळ अपूर्णांकांचे जग खरे मानले असते, तर (1 + 1/n)ⁿ दर पायरीला वाढली असती, २.९८५९८४ च्या आत राहिली असती, वरून उतरणाऱ्या क्रमिकेच्या हवी तितकी जवळ गेली असती, आणि तरीही त्या जगात तिला सीमा नसती.